बेंझोइक ॲसिडचा वक्र काढला, आणि मग त्याच वक्रावरून ते शुद्ध केलं: आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

टीवायचा प्रोजेक्ट आज सुरू झाला. विषय रिक्रिस्टलायझेशन, म्हणजे पुनर्स्फटिकीकरण. प्रॅक्टिकलला हे आम्ही सगळ्यांनी दोन वर्षं केलंय पण कसं, तर "थोडं गरम पाणी घाला, विरघळलं की गाळा, थंड करा" एवढंच. थोडं म्हणजे किती हे कुणी विचारत नाही, जर्नलमध्येही नसतं. आमचा विचार असा की आधी पदार्थाची विद्राव्यता तापमानाप्रमाणे कशी बदलते त्याचा वक्र स्वतः काढायचा, मग त्यावरून पाणी किती, गाळायचं कधी, थंड कसं करायचं, हाती किती येईल हे सगळं आधी कागदावर लिहायचं आणि मग करून बघायचं.

पदार्थ बेंझोइक ॲसिड घेतलं. एक तर थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि गरम पाण्यात चांगलं विरघळतं, आणि दुसरं म्हणजे ते ॲसिड असल्यामुळे पाण्यात किती उतरलंय ते सरळ टायट्रेशनने कळतं, वाळवून वजन करत बसावं लागत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड ०.०५ नॉर्मल बनवून ऑक्झॅलिक ॲसिडवर स्टँडर्डाइज केलं, इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलीन. पाणी उकळून गार केलेलं डिस्टिल्ड, नाहीतर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रीडिंग जास्त येतं.

८ जानेवारी

पहिलंच रीडिंग चुकलं आणि चुकलं ते बरं झालं, कारण त्यातून एक गोष्ट कळली जी आधी डोक्यातच आली नव्हती.

पद्धत अशी, बाटलीत पाणी आणि भरपूर बेंझोइक ॲसिड, तळाशी न विरघळलेलं दिसलंच पाहिजे, वॉटर बाथमध्ये ६० डिग्रीला तासभर हलवत ठेवायचं, मग ढवळणं थांबवून वरचं स्वच्छ द्रावण १० मिली पिपेटने काढून टायट्रेट करायचं. पिपेटच्या टोकाला कापसाचा छोटा बोळा गुंडाळायचा म्हणजे तरंगणारे कण आत येत नाहीत. आम्ही तसंच केलं, १६.१ मिली रीडिंग आलं. पुन्हा केलं तर १७.४. पुन्हा १५.८. तीन रीडिंग तीन दिशांना.

मग पार्टनरने रिकामी झालेली पिपेट उजेडाकडे धरून बघितली तर आतल्या काचेवर पांढरी बारीक साय. पिपेट खोलीच्या तापमानाची, द्रावण ६० चं, आत शिरल्या शिरल्या गार काचेवर स्फटिक बसत होते आणि तेवढं ॲसिड फ्लास्कमध्ये पोचतच नव्हतं. म्हणून रीडिंग कमी आणि दर वेळी वेगळं. उपाय सोपा, पिपेट ओव्हनमध्ये गरम करून घ्यायची, कापूस पटकन काढून टाकायचा, आणि शेवटी पिपेट थोड्या गरम पाण्याने धुऊन ते पाणीही त्याच फ्लास्कमध्ये घ्यायचं. यानंतर १९.४, १९.५, १९.५ आलं.

१० जानेवारी

सगळी तापमानं झाली. ७० ला १० मिली घेतलं तर ब्युरेटमधलं फार संपतं म्हणून ५ मिलीच घेतलं. हिशोब करून एक लिटर द्रावणात किती ग्रॅम ते असं:

२५ डिग्री: ३.४
३० डिग्री: ४.२
४० डिग्री: ५.९
५० डिग्री: ८.५
६० डिग्री: ११.९
७० डिग्री: १७.७

हँडबुकच्या आकड्यांशी बरेच जुळतात. ८० च्या पुढे आमच्या पद्धतीने नीट होईना, पिपेट कितीही गरम करा तरी टोकाशी जमतंच, म्हणून ८० साठी हँडबुकमधला २७.५ आणि ९० साठी ४५.५ घेतला.

आज मॅडम म्हणाल्या, "३० चं रीडिंग दोन्ही बाजूंनी घेतलंत का?" आम्हाला कळलंच नाही. म्हणजे असं की ३० ला पोचायचे दोन रस्ते आहेत, गार पाण्यात ॲसिड टाकून खालून वर चढत यायचं, किंवा ६० ला भरलेलं द्रावण उतरवत ३० वर आणायचं. खरोखर समतोल झाला असेल तर दोन्हीकडून एकच आकडा यायला हवा. आम्ही दुसरी बाटली ६० वरून ३० च्या बाथमध्ये ठेवली आणि १० मिनिटांनी रीडिंग घेतलं तर ७.६ मिली, म्हणजे लिटरला ४.६ ग्रॅम. खालून आलेलं ४.२. तासभर चांगलं हलवल्यावर ६.९ मिलीवर आलं, म्हणजे ४.२.

हे जे मधले ४.६ आहे तेच अतिसंपृक्त द्रावण. पुस्तकात वाचलं की वाटतं काहीतरी दुर्मिळ अवस्था असेल, खास सोडियम ॲसिटेट वगैरे घेऊन दाखवायची, पण तसं नाहीये, गरम द्रावण गार होताना प्रत्येक वेळी या अवस्थेतून जातंच. तळाशी इतके स्फटिक पडलेले असूनसुद्धा १० मिनिटांत जास्तीचं ॲसिड त्यांच्यावर जाऊन बसू शकलं नाही, त्याला वेळ लागतो. तळाशी काहीच नसतं तर अजून कितीतरी जास्त वेळ तसंच राहिलं असतं.

१३ जानेवारी

ग्राफ काढला. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर विद्राव्यता. सुरुवातीला जवळजवळ सपाट आणि ६० नंतर असा काही वर जातो की ग्राफपेपर पुरेना.

सिलॅबसमध्ये विद्राव्यतेचा लॉग विरुद्ध १/टी असा सरळ रेषेचा ग्राफ आहे त्यातून विरघळण्याची उष्णताही काढली, २५ ते ६० च्या मधल्या उतारावरून साधारण २९ किलोज्यूल प्रति मोल आली. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की तीच रेषा सरळ पुढे वाढवली तर ७० ला १६.२ यायला हवं, आमचं आलं १७.७. आणि ८० ला रेषा सांगते २१.७, हँडबुक सांगतं २७.५. म्हणजे खालच्या तापमानाची रेषा घेऊन वरचं पाणी ठरवलं तर आपण गरजेपेक्षा पाव पट जास्त पाणी घेऊ. वरच्या टोकाला वक्र त्या रेषेपेक्षा जास्त वळतो. अंदाज न बांधता मोजायलाच हवं, किंवा कुणी मोजलेलं घ्यायला हवं.

१५ जानेवारी

आज फक्त कागद आणि पेन.

मुद्दाम अशुद्ध केलेला नमुना बनवला: बेंझोइक ॲसिड ४.८० ग्रॅम, सॅलिसिलिक ॲसिड ०.१० ग्रॅम, धुतलेली बारीक वाळू ०.१० ग्रॅम. वाळू सोपी आहे, विरघळतच नाही, गरम गाळलं की कागदावर राहते. सॅलिसिलिक मुद्दाम निवडलं कारण ते बेंझोइकचंच भावंड, एक ओएच जास्त एवढाच फरक, आणि पाण्यातली विद्राव्यताही तशीच, २५ डिग्रीला लिटरला साधारण सव्वादोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे बेंझोइकपेक्षा उलट कमीच. आणि ते उरलंय का हे बघायला फेरिक क्लोराइडचे दोन थेंब पुरतात, जांभळा रंग येतो.

वर्गात विचारलं तर बहुतेक जण म्हणाले की हे वेगळं होणारच नाही, अशुद्धी जास्त विरघळणारी असली पाहिजे तरच ती पाण्यात राहते. मलाही आधी तसंच वाटायचं. पण वक्र घेऊन बसलं की दिसतं की प्रश्न कोण जास्त विरघळतं हा नाहीच, प्रश्न आहे गार झाल्यावर कोण आपल्या मर्यादेच्या वर जातं.

समजा पाणी २०० मिली घेतलं. बेंझोइक ४.८ ग्रॅम म्हणजे लिटरला २४ ग्रॅम झाले. वक्रावर २४ शोधलं तर तापमान साधारण ७७ डिग्री, म्हणजे ७७ च्या वर सगळं विरघळलेलं, ७७ च्या खाली गेलं की अतिसंपृक्त. २५ ला द्रावणात मावतं लिटरला ३.४, म्हणजे २०० मिलीत ०.६८ ग्रॅम, बाकी ४.१२ बाहेर यायलाच हवं. बर्फात १० डिग्रीपर्यंत नेलं तर (तिथे २.१) फक्त ०.४२ राहील आणि ४.३८ ग्रॅम हाती येईल.

आता सॅलिसिलिक. ०.१० ग्रॅम २०० मिलीत म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. त्याची मर्यादा २५ ला दोनाच्या वर आणि शून्य डिग्रीलासुद्धा एकाच्या वर. म्हणजे ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधीच संपृक्त होत नाही, त्याला बाहेर यायचं कारणच नाही. ते कमी आहे म्हणून पाण्यात राहतं, जास्त विरघळतं म्हणून नव्हे.

मग पाणी २०० च का? ४०० घेतलं तर गाळणं आरामात होईल पण २५ ला १.३६ ग्रॅम पाण्यातच जातील. १०० घेतलं तर नुकसान निम्मं, पण द्रावण ९० च्या वर संपृक्त होईल आणि गाळताना दोन-चार डिग्री उतरलं तरी कागदावरच जमेल. ७७ म्हणजे उकळत्या पाण्यापासून गाळायला वीसेक डिग्रीची सवड. मला २०० पटलं, पार्टनरचं म्हणणं १०० करून बघू, उत्पन्न जास्त येईल. ठीक, उद्या आधी १००.

१६ जानेवारी

१०० मिलीचा प्रयोग वाया गेला, पण का ते लिहून ठेवते.

उकळी आली, वाळूशिवाय काही उरायला नको होतं, पण तळाशी तेलासारखे जड थेंब फिरताना दिसले. आम्हाला वाटलं काहीतरी वेगळीच अशुद्धी आहे. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या हे बेंझोइकच आहे, वितळलेलं. ते कोरडं असताना १२२ ला वितळतं पण पाण्याखाली, पाणी शोषून घेऊन, १०० च्या आतच त्याचं तेल होतं. पाणी कमी असलं की विरघळायच्या ऐवजी हा दुसरा द्रवच तयार होतो. हे वाईट अशासाठी की तेलात अशुद्धीपण विरघळते, आणि ते तेल गार होऊन घट्ट गोळा झालं की सगळी घाण आत, स्फटिक निवडून निवडून थर रचतो तसं इथे काहीच होत नाही. ओळखायची खूण: ढवळल्यावर कण असतील तर विखुरतात, तेल असेल तर थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात.

तरी थोडं पाणी वाढवून गाळायला घेतलं तर फनेलच्या दांडीत पांढरी काडी तयार झाली आणि गाळणं बंद. सगळं परत बीकरमध्ये ढकललं, एकूण पाणी २०० केलं. तेलाचे थेंब एका मिनिटात गेले.

अजून एक, उकळताना वाफेबरोबर बेंझोइकही उडतं आणि त्याने जबरदस्त खोकला येतो. वॉच ग्लास झाकूनच उकळायचं. आणि फ्लास्कवर पेनाने पाण्याची खूण करून ठेवायची, कारण दहा मिनिटं उकळलं की २०० चे १८० कधी होतात कळत नाही आणि मग सगळा हिशोब हलतो.

२० जानेवारी

नवा नमुना, त्याच प्रमाणात, २०० मिली. दांडी नसलेलं फनेल, घडीचा फिल्टर पेपर, दोन्ही ओव्हनमधून गरम काढून, खालच्या फ्लास्कमध्ये थोडं पाणी उकळत ठेवलेलं म्हणजे वाफेने फनेल गरम राहतं (ते पाणी २०० मध्येच धरलेलं). थोडं थोडं ओतत गेलो, बाकीचं द्रावण हॉटप्लेटवरच. एकदाही तुंबलं नाही. वाळू कागदावर.

मग फ्लास्क सरळ बर्फाच्या टबात आणि काचकांडीने ढवळत राहिलो. अर्ध्या मिनिटात आख्खं द्रावण दुधासारखं झालं, मग पांढरा लगदा. बुखनर फनेलवर सक्शन लावून गाळलं. पाणी निघेचना, केक ओला स्पंजासारखा, वजन केलं तर १३.६ ग्रॅम. चिमूटभर बाजूला काढून मग बर्फाच्या पाण्याने दोनदा दहा-दहा मिली धुतलं. शेवटी वाळल्यावर ४.२१ ग्रॅम. वाळवायला ओव्हनमध्ये ठेवायचं नाही, बेंझोइक हळूहळू उडून जातं, फिल्टर पेपरमध्ये दाबून डेसिकेटरमध्ये.

फेरिक क्लोराइडसाठी तुलनेच्या नळ्या आधीच बनवल्या होत्या, शुद्ध बेंझोइकमध्ये सॅलिसिलिक २ टक्के, ०.२ टक्के, ०.०५ टक्के. न धुतलेली चिमूट साधारण ०.२ च्या नळीसारखी दिसली. धुतलेले स्फटिक ०.२ आणि ०.०५ च्या मधे, म्हणजे ०.१ च्या आसपास.

इथे मी बराच वेळ हिशोब करत बसले होते. लगद्यात पाणी होतं १३.६ वजा ४.२ म्हणजे साधारण साडेनऊ मिली. मूळ द्रावणात सॅलिसिलिक मिलीला अर्धा मिलीग्रॅम. म्हणजे ओलाव्याबरोबर आलेलं सॅलिसिलिक पावणेपाच मिलीग्रॅम, ४.२ ग्रॅमच्या तुलनेत ०.११ टक्के. पण रंग सांगतोय ०.२. आणि बाहेरचा ओलावा धुतल्यावरही ०.१ उरतंच. दोन्ही बाजूंनी हिशोब एकच सांगतो, निम्मं सॅलिसिलिक स्फटिकांच्या बाहेर होतं ते धुण्याने गेलं आणि निम्मं आत आहे, तिथपर्यंत धुण्याचं पाणी पोचत नाही. वक्राच्या हिशोबाने सॅलिसिलिकला बाहेर पडायचं कारण नव्हतं हे बरोबरच होतं, ते स्वतः बाहेर पडलं नाही, घाईत वाढणाऱ्या स्फटिकांनी द्रावणाचे बारीक बारीक खिसे आत कोंडून घेतले.

२२ जानेवारी

तोच नमुना, तेच पाणी, फक्त थंड करणं वेगळं. गाळल्यावर फ्लास्क झाकून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवला, थर्मामीटर झाकणातून आत. बघत बसलो.

७७ आलं, काही नाही. ७५, काही नाही. ७३, द्रावण काचेसारखं स्वच्छ, हे बघताना खरंच श्वास रोखला जातो कारण आपल्याला वक्रावरून माहीत असतं की आत आता मावतं त्यापेक्षा जास्त आहे. ७१ ला तळाशी एक चमकणारी पाती दिसली, आणि दोन मिनिटांत पन्नास-साठ. ७१ ला विद्राव्यता साधारण साडेअठरा, आत २४, म्हणजे मावतं त्याच्या १.३ पट भरलेलं होतं तेव्हा कुठे पहिला स्फटिक जन्माला आला. हा जो ७७ ते ७१ चा पट्टा आहे तिथे असलेला स्फटिक वाढू शकतो पण नवीन आपोआप होत नाहीत (किंवा फार हळू होतात). बर्फात टाकलं तेव्हा आम्ही हा पट्टा काही सेकंदांत ओलांडून थेट खाली गेलो, तिथे लाखो स्फटिक एकाच वेळी जन्मतात, प्रत्येकाच्या वाट्याला कण कण येतो आणि लगदा होतो. पट्ट्याची रुंदी काही ठरलेली नसते बरं का, ढवळलं, काचेवर ओरखडा असला, धूळ असली की अरुंद होते.

आता वक्राकडे परत. ७७ वरून ६० पर्यंत यायला २४ चे १२ होतात, म्हणजे २.४ ग्रॅम या १७ डिग्रीत बाहेर येतं. ६० वरून २५ पर्यंत, म्हणजे दुप्पट डिग्रीत, फक्त १.७ ग्रॅम. २५ ते १० मध्ये पाव ग्रॅम. म्हणजे सगळी खरी वाढ वरच्या टोकाला होते. आणि गंमत म्हणा किंवा अडचण म्हणा, टेबलावर ठेवलेला फ्लास्क नेमका तिथेच सगळ्यात वेगाने गार होतो, कारण खोलीशी फरक जास्त. आम्ही मोजलं, टेबलावर ७७ ते ६० ला १३ मिनिटं, थर्मोकोलमध्ये ५५. म्हणजे सावकाश करायचंय ते वरचे वीस डिग्री, ५० च्या खाली आल्यावर बाहेर काढा, नंतर बर्फात ठेवा, फारसं बिघडत नाही कारण तोपर्यंत भरपूर स्फटिक पृष्ठभाग तयार असतो आणि पडायचं उरलेलंही कमी असतं.

मिळालं काय, तर लांब चपट्या चकचकीत पात्या, काही दीड सेंटीमीटरच्या. सक्शन लावलं की पाणी झरझर निघालं. धुऊन वाळवून ४.१९ ग्रॅम, हिशोबाच्या ४.३८ पेक्षा थोडं कमी, धुण्यात जास्तीत जास्त ०.०३ गेले असतील, बाकी कागदाला-फ्लास्कला चिकटलेलं. फेरिक क्लोराइड: ०.०५ च्या नळीपेक्षाही फिकट, पांढऱ्या कागदावर धरून बघावं लागतं.

२६ जानेवारी

सुट्टीला घरी. मामा आले होते, ते साखर कारखान्यात पॅनवर आहेत, सध्या सीझन जोरात म्हणून दोन तासच. मी त्यांना ७१ डिग्रीचं सांगितलं तर म्हणाले, "अगं, आपोआप ग्रेन पडायची वाट कशाला बघायची? आमच्याकडे तसं केलं तर पॅन गेलाच. पाक त्या टप्प्याला आला की बारीक दळलेली साखर सोडायची, तेवढेच दाणे वाढवायचे, आणि पाक असा सांभाळायचा की नवीन दाणा पडता कामा नये. नवीन पडला की तो फॉल्स ग्रेन, मग सेंट्रिफ्यूगलला मळी निघत नाही."

मळी निघत नाही म्हणजे आमचा २० तारखेचा लगदाच. साखरेच्या दाण्यांच्या मधे मळी अडकते, आमच्या पात्यांच्या मधे सॅलिसिलिकचं पाणी. मी विचारलं तो टप्पा कळतो कसा, तर म्हणाले आता मीटर आहेत, पण ते स्वतः नोकरीला लागले तेव्हाचे जुने पॅनमॅन दोन बोटांत पाकाची तार काढून आणि काचेवर नमुना उजेडात धरून सांगायचे.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, ती म्हणाली तुपाचं तेच, कढवलेलं तूप झाकून हळू गार होऊ दिलं तर रवाळ होतं, फ्रिजमध्ये ठेवलं की नुसतं घट्ट लोण्यासारखं. खरंच तेच आहे, तूप द्रावण म्हणून बघितलं तर आधी जड फॅट गोठते, हळू गोठली तर मोजके रवे होऊन मोठे होतात.

२८ जानेवारी

बी टाकून केलं. मामांनी सांगितलं तसं, २२ तारखेचे शुद्ध स्फटिक खलात बारीक करून पाण्याच्या थेंबात भिजवून चार-पाच मिलीग्रॅम.

पहिल्यांदा ८० ला टाकलं, बघता बघता गायब झालं. म्हणजे अजून असंपृक्त. हीसुद्धा एक सोपी चाचणीच आहे, वक्र नसेल तरी बी टाकून बघा: विरघळलं तर द्रावण मर्यादेच्या खाली, तसंच राहिलं तर नेमकं मर्यादेवर, वाढायला लागलं तर अतिसंपृक्त. मग ७५ ला टाकलं, तिथे वक्रानुसार मावतं साधारण २२, म्हणजे जेमतेम १.१ पट. कण राहिले आणि पाच मिनिटांत त्यांना पाती फुटली. ७१ आलं, गेलं, तो अचानक होणारा पाऊस पडलाच नाही, वाढ आधीच चालू असल्यामुळे द्रावण फार वर चढूच शकलं नाही.

उत्पन्न ४.२२. पात्या २२ तारखेइतक्या मोठ्या नाहीत (बी जास्त पडलं असावं, जितके कण तितके वाटेकरी) पण सगळ्या एकसारख्या आणि धुण्याचं पाणी लगेच निथळलं. जांभळा रंग २२ तारखेइतकाच फिकट.

३१ जानेवारी

शेवटची दोन कामं.

एक, २८ चं ४ ग्रॅम पुन्हा एकदा केलं, पाणी १६५ मिली, म्हणजे परत लिटरला २४ च, त्यामुळे सगळी तापमानं तीच. मिळालं ३.५२. फेरिक क्लोराइड नुसतं पिवळसर, जांभळं अजिबात नाही. वितलनांक मूळ मिश्रणाचा ११७ ते १२०, एकदा केल्यावर १२०.५ ते १२२, दुसऱ्यांदा १२१.५ ते १२२. वितलनांकावरून पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक जेमतेम दिसतो, रंगावरून स्पष्ट. नुसता वितलनांक बघून शुद्ध म्हटलं असतं तर चाललं असतं खरं, पण आम्हाला माहीत आहे की आत काहीतरी होतं.

दुसरं, मॅडमनी विचारलेला प्रश्न, अशुद्धी २ टक्क्यांऐवजी २० टक्के असती तर? बेंझोइक ४ ग्रॅम, सॅलिसिलिक १ ग्रॅम, पाणी २००. आता सॅलिसिलिक लिटरला ५ ग्रॅम आणि २५ ला मावतं जास्तीत जास्त अडीच. म्हणजे निम्मं, अर्धा ग्रॅम, बेंझोइकबरोबरच बाहेर पडणार, थर्मोकोल असो की बी असो, काही फरक नाही, कारण आता ते कोंडलं जात नाहीये, स्वतःच संपृक्त होऊन बाहेर पडतंय. करून बघितलं. स्फटिक दिसायला छानच, पांढरे, पण फेरिक क्लोराइडला गडद जांभळे आणि वितलनांक १०६ ते ११४. हिशोबाने हेच पुन्हा २०० मिलीत घेतलं तर उरलेलं अर्धा ग्रॅम लिटरला अडीचवर येतं, म्हणजे काठावर, तिसऱ्यांदा निघेल. पण दर फेरीला पाऊण ग्रॅमच्या आसपास बेंझोइक पाण्यात जातं, तीन फेऱ्यांत चारातले पावणेदोन-दोनच हाती. इतकी अशुद्धी असेल तर आधी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने ती कमी करून घ्यावी आणि शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी हे वापरावं असं आम्ही रिपोर्टमध्ये लिहितोय. मॅडम म्हणाल्या मग दुसरा सॉल्व्हंट बघा ज्यात दोघांचे वक्र वेगळे आहेत. पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात दोघांचेही वक्र काढायला सोमवारपासून सुरुवात करतोय, पिपेटी ओव्हनमध्ये आधीच ठेवल्यात.